त्याने पैसे मागितलेच नव्हते

"त्याने माझ्याकडे कधीच पैसे मागितले नाहीत. त्याची मुलगी दवाखान्यात होती, खातं अडकलं होतं, म्हणून मी स्वतःहून दिले. दोन महिने सकाळ-संध्याकाळ माझी विचारपूस करणारा माणूस खोटा कसा असेल? घरचे म्हणतात, मी फसले. मला वाटतं, त्यांना तो कळलाच नाही. आता तो पुन्हा अडचणीत आहे. काय करू?"

हे शब्द एका बाईच्या पत्रातले असले तरी, ऑनलाइन प्रेमाच्या फसवणुकीत सापडलेल्यांची समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकाने मी ते अनेकांकडून ऐकले आहेत. त्यांत आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले लोक होते, शिक्षक होते, नुकताच घटस्फोट झालेले तरुण होते. पुरुषही बरेच येतात, फक्त उशिरा येतात आणि पहिला अर्धा तास झोपेच्या तक्रारीवर बोलतात. भोळेपणा हा या सगळ्यांना जोडणारा धागा नव्हे. त्या काळात त्यांच्या बोलण्याकडे मन लावून लक्ष देणारं आसपास कोणी नव्हतं, एवढंच मला त्यांच्यात समान दिसलं.

उत्तरासाठी मी मीराताईंची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, आणि तपशिलात इतर एक-दोघांचे अनुभवही मिसळले आहेत.

मीराताई साठीच्या आसपासच्या, निवृत्त. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या शहरात. माझ्याकडे त्यांना मुलगीच घेऊन आली, आणि येताना पुरावेही घेऊन आली. त्या माणसाचा फोटो तिने इंटरनेटवर चित्रावरून शोधला होता आणि तो भलत्याच कुणाचा निघाला होता. "एवढं दाखवूनही आई ऐकत नाही," ती म्हणाली. मीराताई शांतपणे म्हणाल्या, "मला ते माहीत होतं मॅडम. त्यानेच सांगितलं. स्वतःच्या दिसण्याची लाज वाटते म्हणून सुरुवातीला दुसऱ्याचा फोटो लावला म्हणाला. लबाड माणूस असं कबूल करेल का?"

करेल. फोटो पकडला गेला की रडून कबुली द्यायची, 'सुरुवात खोट्याने झाली, पण आता खरंच जीव जडलाय' असं म्हणायचं, ही या धंद्यातली ठरलेली पुढची पायरी आहे. त्या कबुलीने नातं आणखी घट्ट होतं. पण हे मी त्या दिवशी बोलले नाही. फोटो, मोबाइल नंबर, खोटी कागदपत्रं यांवर वाद घालून कुणाचं मन वळल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. प्रत्येक पुराव्याला उत्तर तयार असतं आणि वाद हरलेला माणूस आणखी आत जातो. माझा भर नेहमी नातं कसं जुळलं हे समजून घेण्यावर असतो. मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि मीराताईंना म्हटलं, "तो खरा की खोटा, हे आज ठरवायचं नाही. तुमची ओळख कशी झाली, तिथपासून सांगा."

ओळख झाली ती झाडांचे फोटो टाकणाऱ्या एका ऑनलाइन गटात. त्याने त्यांच्या एका फोटोखाली चांगले दोन शब्द लिहिले, मग एक प्रश्न विचारला, मग खासगी मेसेज केला. तो समुद्रातल्या तेल काढण्याच्या फलाटावर अभियंता होता. हा व्यवसाय अशा गोष्टींत वारंवार येतो, तसेच परदेशात तैनात असलेला सैनिक किंवा युद्धभूमीवरचा डॉक्टरही येतात. त्याची कारणं व्यवहारी आहेत. अशा माणसाला भेटता न येणं, व्हिडिओ कॉल न लागणं, बँकेत जाता न येणं, आठ-आठ तास गायब असणं, हे सगळं आपोआप पटतं. कारणं नंतर शोधावी लागत नाहीत, ती पहिल्या दिवशीच पेरलेली असतात.

आठवडाभरात त्याने "इथे सगळे वाचतात" म्हणून दुसऱ्या मेसेज ॲपवर बोलायला सुचवलं. मीराताईंना त्यात जवळीक दिसली. प्रत्यक्षात त्याचा फायदा वेगळा असतो. मूळ ठिकाणी कोणी तक्रार केली, तर ते खातं बंद होतं, आणि काही संकेतस्थळं त्या खात्याशी बोललेल्या इतरांनाही सावध करतात. सावज तिथून बाहेर काढलं की ही सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग सुरू झाला दिनक्रम. सकाळी उठल्यावर एक मेसेज, रात्री झोपताना एक. मध्ये "जेवलात का", "गुडघा कसा आहे". तो विधुर होता, मुलगी अकरा वर्षांची, वसतिगृहात शिकणारी. त्याने आधी स्वतःचं दुःख सांगितलं, मग यांचं विचारलं. तिसऱ्या आठवड्यात मीराताईंनी त्याला नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगितलं. मुलीलाही इतकं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'इतक्या कमी दिवसांत एवढा जीव कसा जडेल' हे घरच्यांना कळत नाही. १९९७ साली आर्थर एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना हळूहळू अधिकाधिक खासगी होत जाणारे प्रश्न एकमेकांना विचारायला सांगितले. साधारण पाऊण तासात त्या जोड्यांना, नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा, एकमेकांबद्दल बरीच जास्त जवळीक वाटू लागली. पाऊण तासात हे होत असेल, तर रोज दोन-दोन तास सहा आठवडे बोलल्यावर काय होईल? आपण मन उघडतो, समोरचा ते जपून ठेवतो आणि स्वतःचं थोडं उघडतो, यातून माणसं बांधली जातात. समोरचा जे सांगतोय ते खरं असायची या प्रक्रियेला गरज पडत नाही. त्यातच सगळं लेखी. लिहिणाऱ्याला विचार करून गोड उत्तर द्यायला वेळ मिळतो, आणि वाचणारा आवाजाच्या, नजरेच्या रिकाम्या जागा आपल्याला हव्या तशा भरतो. म्हणून मीराताईंना वाटलेली माया खरी होती, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

पाचव्या आठवड्यात जे घडलं, ते मला या प्रकरणातलं सर्वांत बेरकी वाटतं. त्याने त्यांना स्वतःच्या बँक खात्याचं नाव आणि पासवर्ड दिला. "इथे नेट चालत नाही, मुलीची फी भरायची आहे, तुमच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?" मीराताईंनी त्याने दिलेल्या दुव्यावर जाऊन खातं उघडलं. त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीच्या कितीतरी पट रक्कम तिथे दिसली. त्यांनी फी 'भरली'. व्यवहार झाल्याची पावतीही आली.

ते संकेतस्थळ बँकेचं नव्हतंच. बँकेसारखं दिसणारं एक पान बनवून त्यात हवे ते आकडे भरलेले होते. पण मनावर झालेला परिणाम पाहा. विश्वास आधी त्याने टाकला, आपण नाही. तो श्रीमंत आहे, म्हणजे आपल्या पैशाच्या मागे नाही. आणि उद्या कधी दिलेच, तर परत मिळतील हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या संकटात ज्या तीन शंका यायला हव्या होत्या, त्या संकट येण्याआधीच मिटवून ठेवल्या होत्या.

सातव्या आठवड्यात तो दीड दिवस गप्प राहिला. रोज दोनदा येणारा मेसेज थांबला की काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मीराताई रात्रभर फोन उशाशी घेऊन जाग्या होत्या. मग मेसेज आला: मुलगी जिन्यावरून पडली, डोक्याला मार, शस्त्रक्रिया लगेच करायला हवी, दवाखाना अनामत रक्कम भरल्याशिवाय आत घेत नाही. पाठोपाठ दुसरा: त्याने खात्यातून पैसे काढायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या ठिकाणाहून कोणीतरी लॉगिन केल्यामुळे बँकेने खातं गोठवलंय. तिसरा: "तुमचा काही दोष नाही. मीच तुम्हाला पासवर्ड दिला होता."

त्याने पैसे मागितले नाहीत. मागायची गरजच उरली नव्हती. मीराताईंनीच विचारलं, "किती लागतील?"

पैसे गेले ते दवाखान्याच्या नावाने नव्हे, एका अनोळखी व्यक्तीच्या खात्यात. 'दवाखान्याचा प्रतिनिधी' असं सांगितलं होतं. दोन दिवसांनी रक्तासाठी आणखी लागले, मग त्याला स्वतःला फलाटावरून सुटून यायला कंत्राटदाराची हमी भरायची होती. माझ्याकडे आल्या तेव्हा ही चौथी मागणी समोर होती आणि ठेवीतला निम्म्याहून जास्त पैसा गेलेला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात जवळपास ७०,००० लोकांनी अशा प्रेमाच्या फसवणुकीची तक्रार केली. त्यांना सांगितल्या गेलेल्या थापांमध्ये 'मी किंवा माझं जवळचं माणूस आजारी आहे, जखमी आहे किंवा तुरुंगात आहे' ही सर्वांत वर होती. आजारपणापुढे हिशेब करायची लाज वाटते, म्हणून ही थाप चालते.

आता वळणाचा दिवस. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी मीराताईंना सगळे मेसेज सुरुवातीपासून वाचायला लावले आणि एका कागदाचे दोन भाग करायला सांगितले. डावीकडे, 'मी त्याला माझ्याबद्दल काय सांगितलं आणि कधी'. उजवीकडे, 'त्याच्या आयुष्यात पुढे काय घडलं'. बाकी काही मत लिहायचं नाही, फक्त तारखा आणि घटना. एवढा साधा कागद, पण मी तो अनेकांकडून भरून घेतलाय आणि अजून मला त्याहून नेमकं साधन सापडलेलं नाही.

त्या लिहीत होत्या, मी बोलत नव्हते. डाव्या बाजूला तिसऱ्या आठवड्यात आलं: 'ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा अनामत रक्कम जमवायला चार तास गेले. ते चार तास मी स्वतःला माफ केलेले नाहीत.' उजव्या बाजूला सातव्या आठवड्यात: 'अनामत रक्कम नाही म्हणून मुलीला आत घेत नाहीत.'

पेन थांबलं.

"मॅडम, हे तर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती मुलगी... ती पडली वगैरे काही नाही. तिच्या जागी ह्यांना ठेवलंय त्याने. मी त्याला सांगितलं होतं की मला परत संधी मिळाली असती, तर मी एक मिनिट घालवला नसता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याने मला ती संधी दिली."

मग त्यांनीच पुढचं शोधलं. चौथ्या आठवड्यात त्याने सहज विचारलं होतं, निवृत्तीनंतर पैशाचं कोण बघतं. यांनी सांगितलं होतं, एक ठेव आहे, पुढच्या महिन्यात मुदत संपते, मुलीला त्याबद्दल माहीत नाही. संकट आलं ते मुदत संपल्यानंतर तीन दिवसांनी. पहिली मागणी ठेवीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी होती. देता येईल इतकी, आणि कुणाला विचारावं लागणार नाही इतकी.

हे त्यांच्या तोंडून येणं महत्त्वाचं होतं. हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर 'योगायोग' हा एक शब्द पुरला असता. मुलीने आणलेला फोटोचा पुरावा त्या माणसाबद्दल होता, आणि त्या माणसाची बाजू घेण्याची मीराताईंना सवय झाली होती. कागदावरचा पुरावा मात्र त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल होता. तिथे त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती. गेली काही वर्षं मी या पद्धतीने काम करते आणि माझं मत पक्कं होत गेलंय: या फसवणुकीत पैशाची मागणी हा शेवटचा, जवळजवळ किरकोळ भाग असतो. खरं काम आधीच्या आठवड्यांत होतं. तुम्ही कशासाठी नाही म्हणू शकत नाही, हे तुमच्याकडूनच ऐकून घेतलं जातं, आणि संकट त्या मापाने शिवलं जातं. म्हणून ज्याचा भाऊ तुरुंगात गेला होता त्याच्या वाट्याला अटकेची गोष्ट येते, आणि जिला आईच्या अंत्यसंस्काराला पोचता आलं नव्हतं तिच्या वाट्याला विमानाच्या तिकिटाची.

"मग तो होता तरी कोण?" हा प्रश्न नंतर येतोच. बहुधा एक माणूस नसतोच. हे काम टोळीने चालतं, मेसेजचे मसुदे तयार असतात, आणि दिवसपाळी-रात्रपाळीला वेगळी माणसं एकाच नावाने लिहितात. सावजाने काय काय सांगितलंय त्याची नोंद ठेवलेली असते. कधीकधी त्यात गफलत होते. मीराताईंना नंतर आठवलं, त्याने एकदा गुडघ्याऐवजी कमरेबद्दल विचारलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना जबरदस्तीने ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं असावं. नोकरीच्या आमिषाने नेलेली ही माणसं पळू नयेत म्हणून कोंडून ठेवलेली असतात. सगळ्या प्रेमाच्या फसवणुकी तिथूनच होतात असं नाही. पण पलीकडे एक प्रेमात पडलेला, थोडा चुकलेला माणूस आहे आणि आपण त्याला सुधारू, ही जी आशा उरते, ती सोडवताना ही माहिती उपयोगी पडते.

आता सुरुवातीच्या पत्रातला शेवटचा प्रश्न. तो पुन्हा अडचणीत आहे आणि काय करायचं ते ठरायचंय. मी लगेच 'त्याला ब्लॉक करा' म्हणत नाही. ज्याचा दिवस त्या मेसेजने सुरू होतो, त्याला ते झेपत नाही. गुपचूप दुसऱ्या नंबरवरून बोलणं सुरू होतं आणि मग समुपदेशकाशीही खोटं बोलावं लागतं. मी आधी फक्त पैसा नात्यापासून वेगळा करायला सांगते. बोलायचं असेल तर बोला, पण पैसे, कार्डाचे नंबर, ओटीपी, ओळखपत्राचा फोटो यांतलं काही द्यायचं नाही. आणि हे त्याला एकदाच, कारण न देता सांगायचं: "मी आता पैसे देऊ शकत नाही." कारण दिलं की त्या कारणावर तोडगा येतो. 'ठेव मोडता येत नाही' म्हटलं तर 'कर्ज काढा' येतं, आणि कर्ज काढून दिलेल्यांना मी भेटले आहे.

नकार दिल्यावर तो रागावतो की नाही, याकडे फार लक्ष देऊ नका. मुरलेले लोक रागवत नाहीत, उलट माफी मागतात. विषय कुठे जातो ते पाहा. दोन-तीन दिवसांत पैसा दुसऱ्या रूपाने परत आला, म्हणजे थोडी कमी रक्कम, गिफ्ट कार्डाचे नंबर, क्रिप्टो, "फक्त तुमच्या खात्यात माझे पैसे येऊ द्या, तुम्ही पुढे पाठवा", की तुमचं उत्तर तिथे आहे. यातली शेवटची विनंती सर्वांत घातक. तुमच्या खात्यातून फिरणारा तो पैसा बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचा असतो, आणि पोलिसांचा माग तुमच्या दारापर्यंत येतो.

संकट खरं आहे का हे तपासायचं असेल, तर त्याने दिलेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका, तिथे 'डॉक्टर' बसलेलाच असतो. दवाखान्याचं नाव विचारा, नंबर स्वतः शोधा, त्यांची पैसे स्वीकारायची पद्धत विचारा. खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. रुग्ण एकाचा, दवाखाना दुसरा आणि खातं तिसऱ्याच व्यक्तीचं असेल, तर पुढे तपासायची गरज नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र फार विसंबू नका. तो टाळत असेल तर संशयाला जागा आहे, पण कॉल झाला म्हणून माणूस खरा ठरत नाही. धूसर चित्र, अर्ध्या मिनिटात तुटणारा कॉल, आधी चित्रित केलेला किंवा चेहरा बदललेला व्हिडिओ, हे सगळं मी ऐकलंय. फोटोच्या शोधाचंही तसंच आहे. फोटो दुसऱ्याचा निघाला तर खोटं पकडलं गेलं, पण काहीच सापडलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

घरच्यांसाठी थोडं. "तुला कळत कसं नाही" हे वाक्य त्या माणसाला हवंच असतं. त्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं की तुझ्या घरच्यांना आपलं सुख बघवणार नाही. तुम्ही ओरडलात की त्याचं भाकीत खरं ठरतं. मीराताईंच्या मुलीला मी सांगितलं, त्याच्याबद्दल महिनाभर एक वाक्यही बोलू नकोस, आणि रोज ठरलेल्या वेळी आईला फोन कर. ती थोडी दुखावली. "म्हणजे माझं चुकलं का?" नाही, पण आईचा दिवस ज्या जागेवर टेकला होता तिथे दुसरं काही उभं राहिल्याशिवाय ती तिथून उठणार नव्हती. मोठ्या माणसाचा फोन काढून घेणं, परस्पर खातं बंद करायला जाणं, यातून गुपचूपपणा तेवढा वाढतो. त्यांच्याच संमतीने बँकेत मोठ्या व्यवहारावर मर्यादा घालून घेणं किंवा सूचना मुलीच्याही फोनवर येईल असं करणं, हे टिकतं. मीराताईंनी ते स्वतः सुचवलं.

पैसे गेले असतील तर वेळेला किंमत आहे, लाजेला नाही. पहिला फोन बँकेला, त्याच तासात. बँकेतून बँकेत गेलेले पैसे समोरच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळवलं, तर ते कधीकधी अडवता येतात. एका दिवसानंतर शक्यता फार उरत नाही. गिफ्ट कार्ड असेल तर पावती आणि कार्ड घेऊन ते देणाऱ्या कंपनीला कळवायचं. क्रिप्टोत गेलेला पैसा परत येणं सर्वांत अवघड. मग पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार. त्यासाठी लागतं ते नेमकं हेच: पूर्ण चॅट, त्याच्या प्रोफाइलचा दुवा, मोबाइल नंबर, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि संदर्भ क्रमांक. बहुतेक जण संतापाच्या भरात पहिली गोष्ट करतात ती चॅट पुसून टाकण्याची. सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसरीकडे ठेवल्यावरच ब्लॉक करा, आणि आपण तक्रार करतोय हे त्याला सांगू नका. खासगी फोटो पाठवले असतील आणि तो धमकी देत असेल, तरी पैसे देऊ नका. एकदा दिले की धमकी चालते हे त्याला कळतं. त्या धमकीचा मेसेजही तक्रारीत जोडा.

मीराताईंनी तक्रार केली. शेवटच्या हप्त्यातला थोडा भाग बँकेने अडवला, बाकीचा गेला. झोप यायला वेळ लागला. त्यांना दुःख होतं ते पैशापेक्षा सकाळच्या मेसेजचं, आणि ते सांगायची त्यांना चोरी वाटायची. जो माणूस नव्हताच त्याच्यासाठी रडायचं कसं? मी म्हटलं, इतके आठवडे तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याच्यासाठी रडा, तो तुमच्यापुरता होता. नवऱ्याच्या त्या चार तासांबद्दल मात्र आम्ही खूप दिवस बोललो, आणि माझ्या मते खरं काम तेच होतं. ती जखम उघडी होती म्हणूनच ते संकट तिथे नेमकं बसलं होतं. नंतर त्यांनी ती रात्र मुलीलाही सांगितली. मुलगी म्हणाली, "आई, डॉक्टर मला तेव्हाच म्हणाले होते, उशीर झाला नसता तरी बाबा वाचले नसते. मला वाटलं, तुला माहीत असेल."

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी त्यांना एक फोन आला. आंतरराष्ट्रीय वसुली विभाग, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवून घ्यायला छोटं शुल्क भरावं लागेल. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि हा दुसरा डाव त्याच यादीवर खेळला जातो. गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा कोणीही, वकील म्हणवणारा असो की पोलीस, त्याच धंद्यातला समजावा. मीराताईंनी त्याला विचारलं, "खातं कुणाच्या नावावर आहे?" त्याने एका व्यक्तीचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीच्या कागदांना जोडला.